पहिल्या हंगामासाठी बँकरोल किती आणि युनिट किती

प्रश्न: मी २६ वर्षांचा असून वडोदऱ्याजवळच्या मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो. हातात ३४ हजार पडतात आणि महिन्याला सहा हजारांच्या आसपास उरतात. या हंगामात मामांबरोबर महालक्ष्मीच्या रेसला तीन-चार वेळा जायचा विचार आहे. याआधी कधीच पैसे लावलेले नाहीत. शिलकीतला किती भाग यासाठी वेगळा ठेवावा आणि एका शर्यतीवर किती लावावेत? ऑफिसातले मित्र मोबाइलवरून क्रिकेटवर लावतात, तिथेही हाच हिशेब चालेल का?

उत्तर: तुमच्या आकड्यांवरून मी महिन्याला ६०० रुपये सुचवीन. जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने ते बाजूला काढलेत, तर शर्यती सुरू होताना ३,००० रुपयांचा बँकरोल, म्हणजे फक्त पैजांसाठी वेगळी ठेवलेली रक्कम, तयार असेल. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ६० रुपये, हे तुमचे युनिट. एका शर्यतीवर एकच युनिट लावायचे आणि एका दिवसात आठ युनिटांच्या, म्हणजे ४८० रुपयांच्या, पुढे जायचे नाही. हे आकडे तुम्हाला फार लहान वाटतील. ते लहान का ठेवले, हे नीट समजून घेतले तरच रेसकोर्सवर ते पाळले जातील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी शिल्लक तपासू. महिन्याच्या अखेरीस खात्यात जे सहा हजार दिसतात ते सगळे मोकळे नसतात, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यांतूनच भागवायचे असतात. गाडीचा विमा, गणपती, दिवाळीचे कपडे, लग्नकार्यांतले आहेर आणि घरातली एखादी दुरुस्ती हे सर्व कागदावर मांडा. ही बेरीज वर्षाला २४ हजार झाली असे धरले, तर दरमहा दोन हजार तिकडे आधीच गेलेले आहेत आणि खरी शिल्लक चार हजारांची उरते. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत अजून साठलेली नसेल, तर ती साठेपर्यंत हा विषय बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ती साठलेली असेल, तर चार हजारांतले सहाशे, म्हणजे साधारण पंधरा टक्के, हा माझ्या मते वरचा टोकाचा आकडा आहे. पाचशेवर थांबलात तर अधिकच चांगले.

वडोदऱ्याहून जाणाऱ्याच्या हिशेबात एक गोष्ट मुंबईकरापेक्षा वेगळी असते, आणि ती बहुतेक जण धरतच नाहीत. मुंबई सेंट्रलपर्यंतचा प्रवास जवळपास चारशे किलोमीटरचा आहे. तिथून लोकलने महालक्ष्मी, आत जाण्याचे तिकीट, दोन वेळचे खाणे आणि परतीचे भाडे असा साधा हिशेब केला, तरी एका फेरीला दीड हजार रुपये लागतात असे धरून चाला. म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त जेवढे लावायचे, त्याच्या तिप्पट रक्कम नुसत्या जाण्यायेण्यात खर्च होते. हा प्रवासखर्च बँकरोलमध्ये अजिबात मिसळू नये, तो सहलीच्या खर्चात वेगळा लिहावा. तीन फेऱ्यांचे साडेचार हजार पाच महिन्यांत साठवायचे, तर दरमहा नऊशे रुपये लागतील. ते नऊशे आणि हे सहाशे मिळून दीड हजार होतात, आणि चार हजारांच्या शिलकीतून त्याहून जास्त या छंदाला देऊ नये. म्हणून चारऐवजी तीनच फेऱ्या ठरवा.

प्रवासखर्च वेगळा लिहिण्याचे दुसरे कारण मनाशी संबंधित आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. इतक्या लांब आलो आहोत, निदान भाडे तरी सुटले पाहिजे, हा विचार दुपारी चारच्या सुमारास हमखास डोके वर काढतो. गाडीभाडे घोड्यांकडून वसूल करायचे असे एकदा मनात आले, की साठ रुपयांचे युनिट अपुरे वाटू लागते. ते पैसे सहलीचे होते आणि सहल झालेली आहे, हे वहीत आधीच लिहिलेले असेल तर त्या विचाराला उत्तर तयार असते.

आता युनिटचा आकार. सर्वाधिक पसंतीचा घोडा, म्हणजे फेव्हरिट, ढोबळ मानाने तीन शर्यतींत एकदा जिंकतो. नवखा माणूस दर वेळी फेव्हरिटच घेत नाही, त्यामुळे तुमचा घोडा चारांत एकदा येईल असे धरू. मग एका दिवसात आठ शर्यतींवर लावले, तर आठही हरण्याची शक्यता जवळपास दहा टक्के आहे. दहातला एक दिवस पूर्ण कोरडा जाणे हे दुर्दैव समजण्याचे कारण नाही, ते या खेळाचे नेहमीचे गणित आहे. दोन हंगामांत मिळून अठ्ठेचाळीस वेळा लावले, तर त्यात कुठेतरी सलग दहा हारी येण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते. युनिट ६० रुपयांचे असेल तर अशा दहा हारींत ६०० रुपये, म्हणजे बँकरोलचा पाचवा भाग जातो आणि तुम्ही शांतपणे अकरावी शर्यत पाहू शकता. युनिट ३०० रुपयांचे ठेवले असते तर त्याच दहा हारींत सगळे तीन हजार संपले असते. निवड तीच, घोडे तेच. फरक फक्त तिकिटाच्या आकाराचा.

हरल्यावर दुप्पट लावण्याचा सल्ला तुम्हाला स्टँडमध्ये कोणी ना कोणी देईलच, आणि तो मनापासून देईल. ६० पासून सुरुवात करून १२०, २४०, ४८० आणि ९६० अशा पाच हारी झाल्या की १,८६० रुपये गेलेले असतात. सहाव्या वेळी १,९२० हवेत आणि हातात १,१४० आहेत. फेव्हरिटवर लावणाऱ्यालाही सलग पाच हारी येण्याची शक्यता तेरा टक्क्यांची असते, म्हणजे ही पद्धत पहिल्या दिवशीच कोसळू शकते. जिंकल्यावर वाढवणे हेही मी पहिल्या हंगामात निषिद्ध मानतो, कारण तुमच्याकडे अजून कोणतीही नोंद नाही आणि दोन विजयांवरून आपली पारख चांगली आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

युनिट म्हणजे खिशातून बाहेर पडणारी पूर्ण रक्कम, तिकिटावर छापलेली नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींवरील पैजांना पूर्ण दर्शनी रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो २८ टक्के होता. समजा खिडकीवर हा कर वेगळा घेतला जातो. मग ६० रुपयांच्या युनिटात ४० रुपयांचे तिकीट बसते: ४० आणि त्यावर १६ मिळून ५६ रुपये. पन्नासचे तिकीट घेतले तर ७० रुपये होतात, ते युनिटाबाहेर गेले. तुमचा घोडा जिंकला आणि टोटने, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र करून त्या जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या रेसकोर्सच्या यंत्रणेने, दहाला तीस असा डिव्हिडंड जाहीर केला, तर चाळीसचे १२० मिळतील, पण तुमचे गेले होते ५६, म्हणून निव्वळ हाती आले ६४. कर नसता तर हा व्यवहार फिटण्यासाठी असा घोडा तीनांत एकदा जिंकला असता तरी पुरले असते. करासह तो शंभरांत जवळपास सत्तेचाळीस वेळा जिंकावा लागतो. दहाला तीस देणारे घोडे इतक्या वेळा जिंकत नाहीत. टोट स्वतःची कपात आधीच करून डिव्हिडंड काढते, हे त्यापूर्वीच घडून गेलेले असते.

यावरून बँकरोलचे खरे स्वरूप कळते. १९५६ मध्ये जॉन केली या अमेरिकेतील शास्त्रज्ञाने पैजेचा आकार ठरवण्याचे एक सूत्र मांडले आणि पैजा लावणारे व्यावसायिक आजही त्याच्या आधारे युनिट ठरवतात. त्या सूत्रात मुख्य घटक आहे तो तुमच्या अंदाजाचा बाजारभावावरील सरसपणा. घोड्याची शक्यता तीनांत एक आणि भाव दोनास एक असेल, तर सूत्राचे उत्तर शून्य येते, म्हणजे काहीही लावू नये. त्यात कर मिळवला की उत्तर शून्याच्या खाली जाते. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाकडे हा सरसपणा नसतो, त्यामुळे गणिताच्या दृष्टीने त्याचे योग्य युनिट शून्यच आहे. मी जे ६० रुपये सांगतो आहे ते दुपारच्या रंगतीचे मोल आहे. तीन हजार रुपये वाढतील या अपेक्षेने कोणी वेगळे ठेवत असेल, तर त्याने ते आवर्ती ठेवीतच टाकावेत. ते जातील असे धरून, आणि गेले तरी घरातल्या कोणत्याही गोष्टीला धक्का लागणार नाही याची खात्री करूनच बँकरोल बांधायचा असतो.

बांधताना एक अडचण तुम्हाला याच वर्षी येईल. जुलै ते नोव्हेंबर हेच महिने गणपती, नवरात्री आणि दिवाळीचे, आणि एखाद्या महिन्यात सहाशे निघणार नाहीत. न निघाले तर पुढच्या महिन्यात बाराशे काढून भरपाई करू नका. बँकरोल २,४०० चा झाला, तर युनिट ४८ रुपयांचे होईल आणि त्यात ३० रुपयांचे तिकीट करासह ४२ रुपयांत बसेल. बँकरोल ठरवतो युनिट. आधी युनिट मनात धरून त्यासाठी बँकरोल ओढूनताणून पुरा करू नये. हाच नियम खिडकीवरच्या किमान रकमेलाही लागू होतो. टोटच्या खिडकीवर किंवा परवानाधारक बुकमेकरकडे किमान पैज तुमच्या युनिटापेक्षा मोठी निघाली, तर युनिट वाढवायचे नाही, तिथे लावायचे नाही. बुकमेकरची उधारी तर बँकरोलच्या कल्पनेच्याच विरुद्ध आहे, कारण जे पैसे अजून बाजूला काढलेलेच नाहीत ते तिथे लावले जातात.

रेसकोर्सवर युनिट कसे फुगते, ते एका उदाहरणाने दाखवतो. विन, म्हणजे घोडा पहिला येण्यावरचे, आणि प्लेस, म्हणजे तो पहिल्या काही घोड्यांत येण्यावरचे, अशी दोन्ही तिकिटे एकाच घोड्यावर घेतली, की ती दोन युनिटे झाली, जरी घोडा एकच असला तरी. जॅकपॉटमध्ये पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. प्रत्येक शर्यतीत फक्त दोन-दोन घोडे धरले तरी पाच दोनांचा गुणाकार होऊन बत्तीस जोडण्या होतात. जोडणी दहा रुपयांची असेल तर ३२० रुपये आणि कर १२८, एकूण ४४८ रुपये. हातात मात्र एकच तिकीट असते आणि ते दहा-दहा रुपयांचे छोटे खेळ वाटतात. तुमच्या दिवसाच्या मर्यादेतले ३२ रुपये सोडून सगळे त्या एका तिकिटात गेलेले असतात. म्हणून पहिल्या हंगामात फक्त विन किंवा फक्त प्लेस घ्या, आणि मामांनी भागीत जॅकपॉट काढायचा आग्रह धरला तर तुमचा वाटा करासह ६० रुपयांच्या आत बसतो का, एवढेच पाहा.

दिवसाची मर्यादा पाळण्यासाठी मी एकच उपाय विश्वासाचा मानतो. ४८० रुपये रोख एका पाकिटात घालून न्यावेत आणि जिंकलेली रक्कम दुसऱ्या पाकिटात टाकावी, जे घरी येईपर्यंत उघडायचे नाही. जिंकलेले पैसे त्याच दिवशी पुन्हा लावले, तर आठ युनिटांची मर्यादा नावापुरती उरते. फेब्रुवारीत इंडियन डर्बीच्या दिवशी जाणार असाल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा, कारण त्या दिवशीची गर्दी आणि आजूबाजूला चाललेले मोठे व्यवहार पाहून चाळीस रुपयांचे तिकीट मागायला लोकांना संकोच वाटतो, असे मी पाहिले आहे. खिडकीवरच्या माणसाला त्याचे काहीही वाटत नसते. आठही शर्यतींवर लावलेच पाहिजे असेही नाही; चार शर्यती नुसत्या पॅडॉकजवळ, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेजवळ, उभे राहून घोडे पाहण्यात घालवल्यात, तर पुढच्या वेळी रेसबुकातल्या अक्षरांना थोडा अर्थ येईल.

वहीत प्रत्येक पैजेची एक ओळ लिहा: शर्यतीचा क्रमांक, घोडा, करासह दिलेली रक्कम, परत मिळालेली रक्कम. घरी आल्यावर दिलेल्या रकमांची बेरीज करून तिला पैजांच्या संख्येने भागा. उत्तर ६० च्या वर आले, तर युनिट मोडले आहे. त्याहून बारकाईची तपासणी म्हणजे पहिल्या तीन शर्यतींवरची सरासरी आणि शेवटच्या दोन शर्यतींवरची सरासरी शेजारी मांडणे. शेवटच्या दोन जड असतील, तर तुम्ही सकाळचे नुकसान संध्याकाळी भरून काढायला गेला होतात, मग त्या दिवशी शेवटी जिंकला असाल तरीही. असा एक दिवस दिसला तर पुढची फेरी रद्द करावी. दोन दिसले, किंवा लावलेली रक्कम घरी कमी करून सांगावीशी वाटली, तर बँकरोल कितीही शिल्लक असला तरी हंगाम तिथेच संपवावा. आणि हात आवरत नसेल तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते.

आयकराच्या दृष्टीनेही ही वही उपयोगी पडते. शर्यतीत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आणि वर उपकर असा कर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. मोठा विजय दहा हजारांच्या पुढे गेला तर कर कापूनच पैसे मिळतात. तुमच्या युनिटाला तशी वेळ क्वचितच येईल, पण लहान विजयही विवरणपत्रात दाखवायचे असतात.

मित्रांच्या मोबाइलविषयी विचारलेत. तिथे हा हिशेब चालवू नये, कारण तो व्यवहारच कायद्यात बसत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला आणि परवाना असलेल्या रेसकोर्सवरची पैज कायदेशीर ठरली. क्रिकेटवरच्या सट्ट्याला तसा आधार नाही, गुजरातेत जुगारबंदी कायदा आहे, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलेली आहे. याखेरीज बँकरोलच्या अंगानेही एक मोठा दोष आहे. अशा ठिकाणी जमा केलेली रक्कम परत मिळेलच याची हमी नसते, त्यामुळे पडद्यावर दिसणारी शिल्लक तुमच्या बँकरोलमध्ये धरताच येत नाही. शिवाय तिथे रात्री दोन वाजताही खिडकी उघडी असते आणि दर चेंडूला नवी पैज समोर येते, त्यामुळे दिवसाची मर्यादा या शब्दालाच अर्थ उरत नाही.

हंगामाच्या मध्यावर युनिट बदलू नये, याला एकच अपवाद मी करतो: बँकरोल निम्म्यावर, म्हणजे १,५०० वर आला तर युनिट ३० रुपयांचे करावे, ज्यात २० रुपयांचे तिकीट करासह २८ रुपयांत बसते. तुमच्या मर्यादांनी तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त २४ युनिटे, म्हणजे १,४४० रुपये लागतात, त्यामुळे मर्यादा पाळल्या तर ही वेळ पहिल्या हंगामात येतच नाही. ती आली, तर मर्यादा कुठेतरी मोडली आहे हे समजून वही पुन्हा पाहावी.

बाकीचा फेरविचार एप्रिलमध्ये, मुंबईचा हंगाम संपल्यावर करावा. समजा तीन फेऱ्यांत तुम्ही २२ पैजा लावल्या आणि प्रत्येकीला ५६ रुपये दिले, म्हणजे १,२३२ रुपये गेले. परत मिळाले ७६०. बँकरोल उरला २,५२८. त्याचा पन्नासावा भाग पन्नास रुपयांच्या किंचित वर येतो, म्हणून पुढच्या हंगामाचे युनिट ५० रुपयांचे आणि तिकीट ३० चे. गेलेले ४७२ रुपये भरून पुन्हा तीन हजार करण्याची घाई करू नका, कारण उरलेली रक्कम तीन फेऱ्यांना सहज पुरते. उलट बँकरोल ३,४०० झाला असेल, तर वरचे चारशे काढून बचत खात्यात टाका आणि युनिट ६० वरच ठेवा. पगार वाढला आणि खरी शिल्लक बदलली, तरच मूळ रकमेचा विचार नव्याने करावा, आणि तोही शर्यती नसलेल्या महिन्यात.